अनुभवपत्र मागताना



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या क्षेत्रातलं बोल, पण सगळ्यांना कळेल असं." सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दिवसभर कोड लिहितो, असं घरच्यांना वाटतं. खरं तर ईमेलही तितकेच लिहितो. त्यातल्या एकाच ईमेलबद्दल मी आज बोलणार आहे. जुन्या कंपनीच्या एचआरकडे अनुभवपत्र मागणाऱ्या, म्हणजे एक्स्पीरियन्स सर्टिफिकेट मागणाऱ्या ईमेलबद्दल.

उदाहरण आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचं आहे. तिच्या परवानगीनं सांगते, नाव मात्र घेत नाही. 2012 ते 2016 ती पुण्यातल्या एका कंपनीत टेस्टिंग करायची. नंतर लग्न झालं, आडनाव बदललं, नोकरीही बदलली. कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी तिनं एक्स्प्रेस एंट्रीत नाव घातलं आणि तिला बोलावणं आलं. बोलावणं आल्यापासून 60 दिवसांत संपूर्ण अर्ज कागदपत्रांसह भरावा लागतो. तिनं घाईनं जुन्या कंपनीला पाच वाक्यांचा ईमेल पाठवला. इंग्रजी वाक्यं नागरीत सांगते:

"आय अ‍ॅम वर्किंग इन युवर कंपनी सिन्स 2012 टू 2016. आय हॅव लेफ्ट इन जुलै 2016. आय वॉज रिलिव्हड फ्रॉम माय ड्यूटीज. आय वॉन्ट एक्स्पीरियन्स सर्टिफिकेट अर्जंटली. काइंडली डू द नीडफुल."

चार दिवसांनी उत्तर आलं, "कर्मचारी पोर्टलवर लॉगिन करून अर्ज करा." तिनं कळवलं की लॉगिन कधीच बंद झालंय. पाच दिवसांनी दुसरं उत्तर आलं, "या नावाची व्यक्ती आमच्या नोंदीत सापडत नाही." 60 पैकी नऊ दिवस गेले, तेव्हा तिनं मला फोन केला.

दोन्ही उत्तरांवर ती चिडली होती. पण तिकडे बसलेल्या माणसाच्या जागेवरून तो ईमेल वाचून पाहा. तो तिला ओळखत नाही, 2016 मध्ये बहुधा तो त्या कंपनीत नव्हताच. त्याच्यासमोर फक्त ही वाक्यं आहेत. "आय अ‍ॅम वर्किंग" वाचून त्यानं तिला सध्याची कर्मचारी समजलं आणि पोर्टलकडे पाठवलं. क्रियापदानं सांगितलं तेच त्यानं केलं.

ही चूक आपल्या मराठीतून येते. "मी 2012 पासून 2016 पर्यंत काम करत होते" हे मराठीत अगदी बरोबर आहे. पण "पासून"साठी "सिन्स" घातलं, की इंग्रजीत ते काम अजून चालू आहे असा अर्थ होतो. संपलेल्या काळासाठी साधा भूतकाळ आणि "फ्रॉम... टू" लागतं: "आय वर्क्ड फ्रॉम अमुक टू तमुक." "हॅव लेफ्ट इन जुलै 2016" इथेही तेच. ठरावीक तारीख दिली की "हॅव" जातो आणि नुसतं "लेफ्ट" राहतं.

तिसऱ्या वाक्यातली चूक गमतीची आहे. कार्यमुक्त झाले, यासाठी शब्द आहे "रिलीव्हड". तिच्या स्पेलिंगमधला मधला एक "ई" गळला आणि झालं "रिलिव्हड", म्हणजे पुन्हा जगले! स्पेलिंग तपासणारा प्रोग्रॅम हे पकडत नाही, कारण तोही शब्द इंग्रजीत आहेच. अशी चूक मोठ्यानं वाचूनच सापडते.

पण व्याकरणाच्या आधी आम्ही तीन गोष्टी तपासल्या: नाव, तारीख आणि कागदाचं नाव. या चुकल्या तर निर्दोष इंग्रजीचाही उपयोग नाही.

नाव सगळ्यात आधी. नोंदीत तिचं माहेरचं आडनाव होतं आणि ईमेल सासरच्या आडनावानं गेला होता. आपल्यापैकी कितीजणींचं हे होऊ शकतं, बघा. नव्या ईमेलच्या विषयातच आम्ही जुनं नाव आणि एम्प्लॉयी आयडी घातला. आयडी जुन्या पगारपत्रकावर सापडला. खाली एका वाक्यात आताचं नाव लिहिलं आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडली.

मग तारीख. जुलै 2016 मध्ये तिनं राजीनामा दिला होता. नोटीसचा काळ भरून कामाचा शेवटचा दिवस आला 30 सप्टेंबरला. अनुभवपत्रात शेवटचा दिवस धरतात, राजीनाम्याचा नाही. खात्रीसाठी तिनं भविष्यनिर्वाह निधीच्या संकेतस्थळावरची सर्व्हिस हिस्टरी पाहिली. तिथे नोकरी सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख असते. रुजू होण्याची तारीख 11 जून 2012. ही तारीख नुसत्या आकड्यांत लिहिली, तर अमेरिकेच्या पद्धतीनं वाचणारा 6 नोव्हेंबर समजू शकतो. म्हणून महिना अक्षरांत लिहिला.

आणि कागदाचं नाव. नुसतं "एक्स्पीरियन्स सर्टिफिकेट" मागितलं की बहुतेक कंपन्या दोन ओळींचं पत्र देतात: नाव, पद, तारखा, शुभेच्छा. कॅनडाला तेवढं पुरत नाही. त्यांना कंपनीच्या लेटरहेडवर सहीनिशी पत्र लागतं आणि त्यात पदं, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ लागतात. म्हणून आम्ही हे मुद्दे एकाखाली एक लिहिले. कामाचं स्वरूप तिनं स्वतःच्या शब्दांत पाच ओळींत लिहून जोडलं. सरकारी व्यवसाय-यादीतली वाक्यं जशीच्या तशी उतरवली नाहीत, कारण तशा पत्रावर तपासणाऱ्याला संशय येतो.

आता औपचारिक भाषा. "आय वॉन्ट" हे "मला पाहिजे"चं शब्दशः रूप, इंग्रजीत ते हुकमासारखं ऐकू येतं. त्याजागी "आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड इश्यू" असं लिहिलं. "अर्जंटली" काढून खरी तारीख घातली. "अर्जंट" प्रत्येकाचंच असतं. अमुक तारखेपर्यंत हवं आणि का हवं, हे सांगितलं की समोरच्याला कामाचा क्रम लावता येतो. "डू द नीडफुल" तर पूर्ण काढलं. नीडफुल म्हणजे नेमकं काय, हेच तर आपण सांगायचं असतं! शेवटी एक वाक्य आणखी घातलं: कामाचं स्वरूप लिहून देणं धोरणात बसत नसेल, तर नेहमीचं पत्र द्यावं आणि तसं ईमेलनं कळवावं. काही कंपन्या खरोखरच देत नाहीत. मग तो ईमेल, पगारपत्रकं आणि आपलं स्पष्टीकरण जोडून अर्ज करावा लागतो. मान्य होईलच असं नाही, पण हातात काहीतरी असतं.

नवा ईमेल पहिल्यापेक्षा लांब होता, तरी एका स्क्रीनवर मावत होता. दहा दिवसांनी पत्राचा मसुदा आला. तोही आम्ही ओळीओळीनं तपासला, कारण सही झाल्यावर दुरुस्ती मागणं अवघड जातं. त्यात आठवड्याचे तास राहून गेले होते. कळवल्यावर दोन दिवसांत घातले गेले. बोलावणं आल्याला तेव्हा एकवीस दिवस झाले होते आणि बाकीच्या कागदांसाठी 39 दिवस हातात होते.

तुमच्यापैकी कोणाला जुन्या कंपनीचं पत्र आणायचं राहिलं असेल, तर एक करा. आज घरी गेल्यावर जुनं पगारपत्रक शोधून ठेवा. आयडी, पद आणि तेव्हाचं नाव त्यावरच सापडतं, आणि कंपनीचं लॉगिन बंद झाल्यावर ते दुसरीकडे मिळणं कठीण असतं.