तीन वजनांची दोरी आणि लॉर्ड रॅलीचा भागाकार



ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत आपण कधी डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहिला असाल, तर डोक्यावरच्या विजेच्या तारेकडे आपले लक्ष गेले असेल. गाडी यायच्या आधीच तार हलू लागते, आणि गाडी निघून गेली तरी थोडा वेळ ती हलतच राहते. ताणलेल्या तारेला स्वतःची अशी एक लय असते. ती लय तारेला हात न लावता, नुसत्या कागदावर कशी काढावी, हे आज आपण पाहू. खरी तार भानगडीची आहे. तिच्यावर दुसरी तार असते आणि दोघींना जोडणाऱ्या उभ्या तारा असतात. म्हणून आपण शाळेच्या पडवीत मांडता येईल असा सोपा नमुना घेऊ. कागद-पेन्सिल मात्र जवळ असू द्या.

दोन खांबांमध्ये चार मीटर अंतर ठेवून एक बारीक, मजबूत दोरी बांधा. एका टोकाला दोरी कप्पीवरून खाली सोडून तिला दहा किलोचे वजन लटकवा, म्हणजे ताण कायम राहील. (विजेच्या रेल्वेमार्गावर पुष्कळ ठिकाणी खांबाला लोखंडी वजनांची चवड टांगलेली असते, तीही याच कामासाठी. उन्हाने तार लांबली तरी तिचा ताण ढळत नाही.) आता दोरीवर एकेक मीटरवर पाव पाव किलोची तीन वजने घट्ट बांधा. मधले वजन हलकेच खाली ओढून सोडा. तिन्ही वजने मिळून वरखाली डोलू लागतील.

तीन वजने आपल्या जागेपासून जितकी सरकली त्या अंतरांना क, ख आणि ग म्हणू. दोरीचे चार तुकडे होतात. तुकड्याच्या दोन टोकांच्या उंचीत जितका फरक, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात त्या तुकड्यात शक्ती साठते. चारही तुकड्यांची बेरीज अशी:

क² + (क − ख)² + (ख − ग)² + ग²

कंस सोडवले की होते: २क² + २ख² + २ग² − २कख − २खग. हिच्यातले अंक चौकोनी कोष्टकात मांडले, तर पहिल्या ओळीत २, −१, ०. दुसरीत −१, २, −१. तिसरीत ०, −१, २ येतात. पहिल्या वजनाचा दुसऱ्यावर जितका परिणाम, तितकाच दुसऱ्याचा पहिल्यावर. म्हणून कर्णाच्या दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या दिसतात. अशा कोष्टकाला सममित मॅट्रिक्स म्हणतात.

लॉर्ड रॅली या इंग्रज शास्त्रज्ञाने ध्वनीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला खंड १८७७ साली निघाला. त्याची युक्ती साधी आहे. वरच्या बेरजेला क² + ख² + ग² ने भागायचे. बस्स, हाच रॅलीचा भागाकार. तो जितका मोठा, तितकी डोलण्याची गती जलद. गती त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते.

पण क, ख, ग ठाऊक नाहीत, मग भागायचे कशाला? इथेच गंमत आहे. रॅली म्हणतो, अंदाज करा. समजा, तिन्ही वजने सारखीच सरकली: १, १, १. वरची बेरीज २, खालची ३, भागाकार ०.६६७. पण मधले वजन जास्त सरकणार हे डोळ्यांनाच दिसते. म्हणून २, ३, २ घेऊ. वरची बेरीज १०, खालची १७, भागाकार ०.५८८. तो उतरला. आणखी किती उतरेल?

शिक्षकमित्रांनी हे फळ्यावर करून पाहावे. कडेची वजने १ आणि मधले म धरा. भागाकार होतो: २ − ४म ÷ (२ + म²). आता (म − √२) चा वर्ग शून्याहून लहान असू शकत नाही, म्हणून २ + म² हे २√२ म पेक्षा कधीच कमी होत नाही. म्हणजे भागाकार २ − √२, अर्थात ०.५८५८, याच्या खाली जाऊच शकत नाही, आणि म = √२ असताना तो नेमका तिथे टेकतो. म उणे घेतला, म्हणजे मधले वजन कडेच्यांच्या उलट दिशेला नेले, तर त्याच रीतीने वरची हद्द मिळते: २ + √२, म्हणजे ३.४१४. तिन्ही अंतरे वेगवेगळी घेतली तरी या दोन हद्दी मोडत नाहीत.

या तळाला आणि या शिखरालाच मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये म्हणतात. त्यांचा दोरीशी संबंध असा. प्रत्येक वजनाला मागे खेचणारी ओढ कोष्टकाच्या ओळींवरून निघते. १, १, १ या आकाराला ती १, ०, १ येते. मधले वजन सरकलेले आहे, पण त्याला मागे ओढणारे कोणी नाही! असा आकार टिकणार कसा? उलट १, √२, १ या आकारात प्रत्येक वजनाची ओढ त्याच्या सरकण्याच्या ०.५८५८ पटच असते. तिघेही एकाच ठेक्यात परततात. क² + ख² + ग² = १ ठेवून वरची राशी लहानात लहान किंवा मोठ्यात मोठी करायला गेलात, की नेमका असाच आकार हाती येतो.

आता एक नफा पाहा. म साठी आपण १.५ धरला, खरा १.४१४ होता. आकारात सहा टक्क्यांची चूक झाली, पण उत्तरात अर्ध्या टक्क्याचीही नाही. तळाशी वाटी सपाट असते, म्हणून बाजूला थोडे सरकले तरी उंची फारशी बदलत नाही. आपल्या दोरीला हिशेब लावला, तर दहा सेकंदांत १, १, १ वरून २५.७ डोलणी निघतात, २, ३, २ वरून २४.२, आणि नेमके उत्तर २४.१. घड्याळ घेऊन मोजणाऱ्याला शेवटच्या दोहोंतला फरक कळायचासुद्धा नाही.

मात्र सर्वांत लहान मूल्याचा अंदाज नेहमी वरूनच येतो. तो किती वर आहे, हे भागाकार एकटा सांगत नाही. त्यासाठी ओढीकडे पाहावे. ५, ७, ५ या आकाराला ओढ येते ३, ४, ३. प्रत्येक ओढीला त्या त्या वजनाच्या सरकण्याने भागले की ०.६, ०.५७१ आणि पुन्हा ०.६. आपल्या कोष्टकात, तिन्ही अंतरे एकाच बाजूची असताना, खरे मूल्य या दोहोंच्या मध्येच सापडते. दोन्ही आकडे जवळ आले, की अंदाज चांगला आहे असे समजावे.

एक फसवी जागाही आहे. १, ०, −१ घ्या. भागाकार बरोबर २ येतो, आणि ओढही सरकण्याच्या दुप्पटच. म्हणजे हेही एक आयगेन मूल्य आहे, पण ते ना तळ, ना शिखर. ही घाटातली खिंड आहे. तिच्यात १, १, १ मिळवून २, १, ० केले तर भागाकार १.२ वर उतरतो, आणि १, −१, १ मिळवून २, −१, ० केले तर २.८ वर चढतो. एका वाटेने उतार, दुसरीने चढ. नुसता ठेका जुळला म्हणून तळ सापडला असे मानणारा इथेच फसतो.

आणि एक लक्षात असू द्या. ही हमी आपल्या कोष्टकाची आहे, खऱ्या तारेची नव्हे. तारेचे वजन सगळीकडे पसरलेले असते. ते तीन गाठोड्यांत बांधून हाच हिशेब केला, तर खऱ्या तारेसाठी जिथे ९.८७ यायला हवे तिथे ९.३७ येते, म्हणजे कमीच. अंदाज वरून येतो म्हणून निश्चिंत राहिलो, तर ही चूक नजरेतून सुटते. गाठोडी तीनऐवजी सात केली की आकडा ९.७४ वर येतो. फक्त तेव्हा कोष्टक सात ओळींचे होते, आणि कागद थोडा मोठा घ्यावा लागतो.