कर्ज फिटले, पण बोजा उतरला काय?

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला आज एखाद्या व्यवहारोपयोगी विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. कायद्याचा पंडित नव्हे. परंतु घरबांधणीच्या कर्जापायी माझ्या हातून दोन चुका घडल्या, आणि त्या निस्तरताना जे समजले ते आपणांपुढे ठेवतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील बहुतेक घरे आता कर्ज काढूनच उभी राहतात, तेव्हा हा प्रसंग आपणांपैकी कित्येकांवर यावयाचाच आहे.

ब्रह्मपुरीस गावठाणाबाहेरील एका अकृषिक भूखंडावर मी २०११ साली एका बँकेचे कर्ज काढून घर बांधले. मार्च २०२४ मध्ये पगारातून आणि पुढे निवृत्तिवेतनातून चाललेला शेवटचा हप्ता कापला गेला. घरी गोडाधोडाचा स्वयंपाक झाला. कर्ज फिटले अशी माझी खात्री झाली आणि कागद आपसूक घरी येतील म्हणून मी दोन महिने स्वस्थ बसलो. ही पहिली चूक. मे महिन्यात शाखेत गेलो, तो अधिकारी म्हणाले, "गुरुजी, आपले खाते अजून चालूच आहे, तीनशे बारा रुपये व्याज बाकी दिसते." मधल्या काळात व्याजाचा दर बदलला होता आणि हप्ता मात्र तोच राहिला होता, त्यातून ही शेष रक्कम उरली. शेवटचा हप्ता आणि कर्जाची अखेर या दोन गोष्टी एकच नव्हेत. हप्ते संपत आले म्हणजे शाखेकडे त्या दिवसापर्यंतच्या व्याजासह एकूण येणे किती याचा लेखी आकडा मागावा, तो भरावा, आणि खात्यावर शून्य बाकी दाखविणारा उतारा व बेबाकी प्रमाणपत्र हाती घेऊनच उठावे. मी ते १३ मे २०२४ रोजी केले.

ही तारीख महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी एक आदेश काढला असून, १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांचे कागद परत देणे निघते अशा सर्वांना तो लागू आहे. व्यक्तीने घेतलेले कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांच्या आत स्थावराचे सर्व मूळ दस्तऐवज परत द्यावयाचे आणि नोंदणीत चढविलेला बोजा उतरवावयाचा, असे त्यात सांगितले आहे. बँकेच्या दोषाने विलंब झाल्यास प्रत्येक दिवसामागे पाच हजार रुपये भरपाई तिने कर्जदारास द्यावयाची आहे. कागद आपल्या शाखेत घ्यावयाचे की ते जेथे ठेवले आहेत त्या कार्यालयातून, हे ठरविण्याची मुभा कर्जदारास आहे. माझे कागद नागपूरच्या भांडारात होते. या वयात नागपूरच्या खेपा कोण घालणार? मी ब्रह्मपुरीची शाखा लिहून दिली.

८ जून रोजी पाकीट आले. कर्ज घेताना बँकेने स्वीकारलेल्या कागदांची जी यादी दिली होती ती मी जपून ठेवली होती, एवढे एक शहाणपण माझ्या पदरी होते. यादीशी ताडून पाहिले. मूळ खरेदीखत, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन, अकृषिक आदेश, सर्व होते; मंजूर नकाशा मात्र नव्हता. पोचपावतीवर "सर्व दस्तऐवज मिळाले" असे आधीच छापलेले होते. मी त्याखाली "मंजूर नकाशा वगळून" असे स्वहस्ते लिहून मगच सही केली. ही ओळ लिहिली नसती तर पुढे माझ्या बोलण्यास काही आधार उरला नसता.

नकाशा गहाळ झाला असे बँकेने लेखी कळविले. अशा प्रसंगी कर्जदारास दुसरी प्रत अथवा प्रमाणित नक्कल मिळवून देण्यास बँकेने साह्य करावयाचे आणि खर्चही सोसावयाचा आहे. त्यासाठी तिला आणखी तीस दिवसांची सवड मिळते. माझे साठ दिवस १२ जुलै रोजी भरत होते. नगर परिषदेकडून प्रमाणित नक्कल ४ जुलैस मिळाली, शुल्क बँकेने भरले, आणि भरपाईचा प्रश्न उद्भवला नाही. हेच २२ जुलैपर्यंत लांबले असते तर दहा दिवसांचे पन्नास हजार निघाले असते. नकाशाची नक्कल मिळते. पण हरवलेले खरेदीखत असेल तर दुय्यम निबंधकाकडील प्रमाणित नकलेशिवाय गत्यंतर नाही, आणि विक्रीच्या वेळी घेणारा मूळ कागदच मागतो. म्हणून गहाळ झाल्याचे बँकेचे पत्र त्या नकलेसोबत कायमचे जोडून ठेवावे.

येथवर सर्व ठीक झाले आणि मी पाकीट ट्रंकेत टाकले. ही दुसरी चूक. २०२५ साली घराचा अर्धा हिस्सा मुलीच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यावा असे मनात आले. सातबारा काढला, तो 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा जसाच्या तसा! ट्रंक उघडली, पाकिटात बोजा कमी करण्याविषयी बँकेचे तलाठ्यास लिहिलेले पत्र वर्षभर पडून होते. ते मी वाचलेच नव्हते. मुलांना धडा नीट वाचा म्हणून आयुष्यभर सांगणाऱ्याची ही गत.

गोष्ट अशी आहे की एका कर्जाची नोंद निरनिराळ्या दप्तरांत होते, आणि एकातून ती पुसली म्हणून दुसऱ्यातून आपोआप पुसली जात नाही. एक दप्तर 'सरसाई' नावाच्या केंद्रीय नोंदणीचे. हे २०११ मध्ये सुरू झाले, तेथील नोंद बँकेनेच मिटवावयाची असते आणि आपण अल्प शुल्क भरून ती शोधून पाहू शकतो. दुसरे महसुलाचे दप्तर. तेथे बेबाकी प्रमाणपत्र व बँकेचे पत्र जोडून तलाठ्याकडे, म्हणजे ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, अथवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज करावा लागतो. फेरफाराची नोंद होते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबाऱ्यावरील बोजा उतरतो. शहरात मिळकत पत्रिका असेल तर हेच काम नगर भूमापन कार्यालयात. आणि गावठाणातील घर केवळ ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर असेल, आपल्या गडचिरोलीकडील खेड्यांत असे पुष्कळ आहे, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे. गहाणखत नोंदविलेले असल्यास गहाण फिटल्याचा लेखही दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावा; १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० ने तो हक्क आपणांस दिलाच आहे.

बँकेने दाद दिली नाही तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास अथवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे विनाशुल्क तक्रार करता येते. मात्र एक भ्रम नको. पतसंस्थेचे कर्ज असेल तर हा आदेश व हा लोकपाल तिला लागू नाहीत. ती १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालील असल्याने तिची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे न्यावी लागते.

माझा अर्ज केल्यावर सुमारे पाच आठवड्यांनी नवा सातबारा हाती आला. 'इतर हक्क' रकान्यात बँकेचे नाव नव्हते. त्या नोंदीचा फेरफार क्रमांक मी बेबाकी प्रमाणपत्राच्या पाठीवर लिहून ठेवला, आणि त्याच आठवड्यात मुलीचे बक्षीसपत्र नोंदविले.