एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं

वायफायचा राउटर इंटरनेट वाटतो, हे आपल्याला ठाऊक असतं. तो पत्तेही वाटतो. नवा फोन किंवा लॅपटॉप जोडला गेला की राउटर आपल्या साठ्यातला एक रिकामा पत्ता त्याला ठरावीक मुदतीसाठी देतो. पुष्कळदा ही मुदत २४ तासांची असते, आणि ती अर्धी सरली की उपकरण स्वतःच वाढवून मागतं. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. राउटरच्या वहीत नोंद आहे तोवर सगळं सुरळीत चालतं. वहीत नाव न घालता कुणी राहायला आलं, की भांडण सुरू.

माझ्या ओळखीच्या एका करसल्लागारांकडे असंच झालं. त्यांचा लॅपटॉप ऐन कामात तुटायचा आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू व्हायचा. इंटरनेटवाला दोनदा येऊन तार बदलून गेला. मी एवढंच विचारलं, त्या वेळी बाकीची यंत्रं चालतात का? चालत होती. मग तारेचा काय दोष?

प्रिंटरला कुणीतरी हाताने कायमचा पत्ता देऊन ठेवला होता, 192.168.1.105. राउटर मात्र शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले पत्ते वाटत होता. काही राउटर पत्ता देण्याआधी तिथे हाक मारून बघतात. पण सकाळी प्रिंटर बंद असे, ओ कोण देणार? तोच पत्ता लॅपटॉपला गेला. पुढे प्रिंटर सुरू झाला की राउटर कधी याला, कधी त्याला त्या पत्त्याचा मालक समजे. लॅपटॉपची उत्तरं प्रिंटरकडे जात, आणि तो ती टाकून देई.

हे ताडून बघायला तिसरा संगणक लागतो. आधी लॅपटॉप बंद ठेवून प्रिंटर चालू ठेवायचा, मग उलट. आणि दोन्ही वेळा हे टाईप करायचं:

```
ping 192.168.1.105
arp -a
```

दुसऱ्या आज्ञेने त्या पत्त्यासमोर यंत्राचा जन्मजात क्रमांक दिसतो. आमच्याकडे दोन वेळा दोन वेगळे क्रमांक आले. प्रिंटरने छापून दिलेल्या माहितीच्या कागदावर त्यातला एक होताच.

असं झालं की लोक राउटर बंद करून पुन्हा चालू करतात. थोडा वेळ बरं वाटतं, पण मूळ कारण तिथेच राहतं. शिवाय काही राउटर तेवढ्यात आपली वहीच विसरतात. आम्ही प्रिंटरला साठ्याबाहेरचा पत्ता दिला, 192.168.1.20. राउटरमध्ये त्याच्या क्रमांकासाठी एक पत्ता राखून ठेवला असता तरी चाललं असतं. मात्र कार्यालयातले संगणक छपाईचे कागद जुन्याच पत्त्यावर पाठवत राहिले. प्रत्येकावर जाऊन तो बदलावा लागला, त्यात दुपार गेली.