आधी गाडी बघा, मग दुभाजक

आपल्या गटांतल्या बऱ्याच जणी सध्या स्कूटी शिकताहेत, आणि शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत कुठे अडखळायला होतं असं विचारलं की उत्तर एकच येतं. "ताई, खुणा येतात, पण वेगाचे आकडे डोक्यात एकमेकांत मिसळतात." म्हणून आज फक्त वेगमर्यादेबद्दल बोलू.

आमच्या गटातली एक वहिनी गेल्या उन्हाळ्यात ही परीक्षा द्यायला गेली. संगणकावर १५ प्रश्न येतात, प्रत्येकाला ३० सेकंद मिळतात आणि पास व्हायला ९ बरोबर लागतात. हिचे ८ आले. एका गुणाने गाडी अडली. घरी आल्यावर मी विचारलं, चुकलं काय? तर वेगाचे दोन प्रश्न आले होते आणि दोन्ही चुकले. आकडे तिला पाठ होते बरं का. ७०, १००, १२० असं ती धडाधड म्हणून दाखवत होती. पण ते आकडे मोटारीचे! प्रश्नात मोटारसायकल विचारली होती आणि हिने मोटारीचं उत्तर दिलं.

तिची चूक मला लगेच कळली, कारण आपण बचतीचं रजिस्टर भरताना हीच चूक करतो. आधी महिना बघितला आणि मग बोट खाली नेलं, की ते भलत्याच बाईच्या ओळीवर जातं आणि एकीचे पैसे दुसरीच्या नावावर चढतात. म्हणून आपण आधी नावाची ओळ धरतो आणि मग महिन्याचा रकाना बघतो. वेगाचंही तसंच करायचं. गाडी म्हणजे बाईचं नाव, रस्ता म्हणजे महिना. प्रश्न वाचताना आधी गाडीच्या शब्दावर बोट ठेवा, मोटारसायकल, मोटार, रिक्षा की मालवाहू. रस्त्याचं नंतर.

आता आपली ओळ, म्हणजे दुचाकीची. केंद्र सरकारने २०१८ च्या एप्रिलमध्ये जी कमाल मर्यादा जाहीर केली, त्यात दुचाकीला दोनच आकडे आहेत, ६० आणि ८०. गावचा रस्ता असो की शहराच्या हद्दीतला, ताशी ६० किलोमीटर. मध्ये दुभाजक असलेला चौपदरी किंवा त्याहून मोठा रस्ता असेल तर ८०. बस्स. मालाच्या टेम्पोलाही हेच दोन आकडे आहेत, त्यामुळे ती ओळ वेगळी पाठ करायची गरज नाही. रिक्षाची ओळ त्याहून सोपी, गावात, शहरात, चौपदरीवर सगळीकडे ५०. लांबलचक ओळ आहे ती मोटारीची. साध्या रस्त्याला आणि शहरात ७०, दुभाजकाच्या चौपदरीला १००, द्रुतगती महामार्गाला १२०. वहिनीने नेमकी हीच ओळ पाठ केली होती, कारण घरात नवरा मोटार चालवतो आणि तोच शिकवायला बसला होता!

आता रस्त्याकडे येऊ. इथे आपल्या बायका फसतात त्या 'महामार्ग' या शब्दावर. राज्य महामार्ग म्हटलं की वेग जास्त आणि राष्ट्रीय म्हटलं की आणखी जास्त, असं मनात बसलेलं असतं. या तक्त्यात तसं नाही. रस्त्याचं नाव काय, यावर आकडा ठरत नाही. रस्ता चौपदरी आहे का आणि मध्ये दुभाजक आहे का, हे बघितलं जातं. राष्ट्रीय महामार्ग असला, पण दोनपदरी असला आणि मध्ये नुसता पांढरा पट्टा असला, तर दुचाकीला ६०च.

समजा भिगवणजवळच्या एखाद्या वाडीतून आपण इंदापूरच्या बाजाराला निघालो. वाडीपासून अरुंद डांबरी रस्ता, म्हणजे ६०. खड्ड्यांमुळे तिथे तीसच्या वर कोण जाणार म्हणा, पण परीक्षेत कमाल विचारतात. पुढे पुणे-सोलापूर महामार्ग लागला. तो चौपदरी आहे, मध्ये दुभाजक आहे, इथे ८०. त्याच वेळी आपल्या शेजारून मोटार गेली तर तिला १००, आणि रिक्षा मागे पडली तर तिला ५०. रस्ता तोच, आकडे तीन. मग इंदापूर आलं आणि आपण महामार्ग सोडून नगरपरिषदेच्या हद्दीत, बाजारपेठेच्या रस्त्याला लागलो. पुन्हा ६०. शहरातल्या रस्त्यालाही कधीकधी मध्ये छोटा दुभाजक असतो, तो बघून ८० म्हणू नका. शहराच्या हद्दीला वेगळी ओळ आहे आणि तिचा आकडा साध्या रस्त्याइतकाच आहे.

द्रुतगती महामार्गाचं एक सांगते. तक्त्यात तिथेही दुचाकीला ८० लिहिलंय, पण ते दुचाकीला परवानगी असेल तिथेच. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर आपली स्कूटी चालतच नाही. आणि तिथे मोटारीलाही १२० नाही, १०० आहे. याचं कारण असं की केंद्राचा आकडा ही वरची हद्द असते. घाट, वळण, वस्ती बघून राज्य सरकार किंवा स्थानिक अधिकारी ती कमी करू शकतात आणि तसा फलक लावतात. गोल पांढरा फलक, लाल कड, मध्ये काळा आकडा. शाळेजवळ असा २५ चा फलक असेल तर तिथे २५, मग पाठ केलेला ६० बाजूला राहिला. चित्रात हा फलक दाखवून अर्थ विचारला तर उत्तर कमाल वेग. निळ्या गोलात पांढरा आकडा असेल तर तो किमान वेग, म्हणजे त्याच्याहून हळू जायचं नाही. 'कमाल' आणि 'किमान' घाईत वाचताना सारखे दिसतात, म्हणून रंग लक्षात ठेवा. लाल थांबवतो, इतकं पुरे.

आणखी एक अडचण पुस्तकांची. आमच्या गटात एकीकडे मामेभावाचं जुनं पुस्तक होतं, त्यात मोटारसायकलला ५० छापलं होतं. दुसरीकडे नवं होतं, त्यात ६०. दोघींची चांगलीच जुंपली. जुनं पुस्तक खोटं नव्हतं, नियम बदलले होते. पुस्तक हातात घेतलं की आधी छापल्याचं साल बघा, २०१८ च्या आधीचं असेल तर वेगाचं पान सोडून द्या. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर सरावाचे प्रश्न असतात. परीक्षेच्या आधी ते एकदा सोडवा आणि वेगाचा प्रश्न आला की तिथे कुठला आकडा बरोबर धरतात ते वहीत लिहून घ्या. तिथलं उत्तर तुमच्या पाठांतराहून वेगळं निघालं तर परीक्षेपुरतं तिथलंच धरा. गुण संगणक देतो, आपलं पुस्तक देत नाही.

वहिनीने मग वहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी आखल्या. डाव्या बाजूला दुचाकी, टेम्पो, रिक्षा, मोटार आणि वर तीन रकाने. एक गाव आणि शहर मिळून, एक दुभाजकाची चौपदरी, एक द्रुतगती. रिक्षाच्या ओळीतला शेवटचा चौकोन तिने फुली मारून बंद केला, कारण तिला तिथे आकडाच नाही. मुलीला म्हणाली, तू मला रस्ता आधी सांग, गाडी नंतर सांग, मुद्दाम उलटं. आणि ही प्रत्येक वेळी गाडी कानावर येईपर्यंत गप्प बसायची, आकडा तोंडावर आला तरी.

पुढच्या खेपेला तिचे १५ पैकी १३ आले. चुकलेल्या दोनांत वेगाचा एकही नव्हता. एक पार्किंगचा होता, दुसरा कुठला ते तिला अजून आठवत नाही.