तिसऱ्या ओळीचा निर्णय



व्याजदरांवरच्या निबंधांत ‘ट्रेस चाचणीनुसार तीन दीर्घकालीन संबंध आढळले’ असं वाक्य आपण नेहमी वाचतो. आज मला या ‘तीन’बद्दल बोलायचं आहे.

वेगवेगळ्या मुदतींचे व्याजदर एकेकटे पाहिले तर कुठेही भरकटतात, पण त्यांच्यातलं अंतर सहसा फार काळ ताणलेलं राहत नाही. मुदतसंरचनेचा अपेक्षा-सिद्धांत खरा असेल आणि मुदतीच्या जोखमीची भरपाई स्थिर असेल, तर चार दरांत तीन संबंध असायला हवेत. मग चौघांनाही दूरवर नेणारा प्रवाह एकच उरतो. संबंध दोनच निघाले तर असे प्रवाह दोन होतात, आणि अल्पमुदतीचा दर हलवला की दहा वर्षांचा दर त्याच्या मागे येईलच, असं म्हणता येत नाही.

एंगल आणि ग्रेंजर यांच्या 1987च्या पद्धतीत एक दर डावीकडे ठेवून बाकीच्यांवर समाश्रयण करतात. त्यातून एकच संबंध हाती येतो, आणि डावीकडे कोणता दर ठेवला यावर उत्तर बदलू शकतं. सोरेन योहान्सेन यांच्या 1988च्या पद्धतीत सगळे दर एकाच प्रणालीत घेतले जातात. या प्रणालीतून दरांच्या संख्येइतकीच आयगेन मूल्यं मिळतात. शून्यापासून स्पष्टपणे दूर असलेलं प्रत्येक मूल्य म्हणजे एक संबंध.

आता एक उदाहरण पाहू. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. 91, 182 आणि 364 दिवसांची ट्रेझरी बिलं आणि 10 वर्षांचा सरकारी रोखा असे चार दर, 200 महिने आणि दोन लॅग. आयगेन मूल्यं 0.22, 0.14, 0.09 आणि 0.01. प्रत्येक मूल्य 1 मधून वजा करायचं, उत्तराचा नैसर्गिक लॉगरिथम घ्यायचा, चिन्ह उलटवून 200ने गुणायचं आणि खालून वर बेरीज करत जायचं. वरून खाली ट्रेस सांख्यिकीच्या चार ओळी मिळतात: 100.73, 51.04, 20.87 आणि 2.01.

पाच टक्के पातळीवरची क्रांतिक मूल्यं अनुक्रमे 54.08, 35.19, 20.26 आणि 9.16 आहेत. पहिली ओळ म्हणते, एकही संबंध नाही. ते फेटाळलं जातं. ‘फार तर एक’ हेही फेटाळलं जातं. ‘फार तर दोन’ फेटाळलं जातं, पण जेमतेम. चौथ्या ओळीत आपण थांबतो आणि ‘तीन’ लिहितो.

पण ही क्रांतिक मूल्यं निरीक्षणं अमर्याद असतील असं धरून काढलेली आहेत. मर्यादित नमुन्यात ही चाचणी गरजेपेक्षा जास्त संबंध दाखवते. राइनसेल आणि आन यांची साधी दुरुस्ती अशी: दरांची संख्या आणि लॅग यांचा गुणाकार, म्हणजे 8, निरीक्षणांतून वजा करायचा आणि 192 भागिले 200 या प्रमाणात प्रत्येक ओळ लहान करायची. तिसरी ओळ 20.04 होते, 20.26च्या खाली येते, आणि ‘तीन’चे ‘दोन’ होतात.

स्थिरांक कुठे ठेवला, यावरही उत्तर अवलंबून असतं. व्याजदर वर्षानुवर्षे एका दिशेने चढत नाहीत, म्हणून स्थिरांक संबंधाच्या आत बांधावा. वरची मूल्यं त्याच रचनेची आहेत. तो मोकळा सोडला तर सांख्यिकी आणि तक्ता दोन्ही बदलतात, आणि त्या तक्त्यात तिसऱ्या ओळीचं मूल्य 15.49 आहे. एका रचनेची सांख्यिकी दुसऱ्या रचनेच्या तक्त्याशी ताडली, तर नसलेला संबंध सहज सापडतो.

मग अशा सीमेवरच्या ओळीचं काय करायचं? तिसऱ्या संबंधाचा आलेख काढावा. तो सरासरीकडे वारंवार परतत नसेल, तर त्याच्यावर भिस्त ठेवू नये. बूटस्ट्रॅप करून त्याच नमुन्याला साजेसं क्रांतिक मूल्य काढावं. तरीही तीन धरले, तर ते तिन्ही संबंध म्हणजे दरांमधले फरकच आहेत का, हे वेगळं तपासावं. ती काय-वर्ग चाचणी इथे 3 स्वातंत्र्यमात्रांची असते.

कालखंडही पाहावा लागतो. हॉल, अँडरसन आणि ग्रेंजर यांनी 1992मध्ये अमेरिकेच्या 1970 ते 1988मधल्या ट्रेझरी बिलांच्या अकरा मुदती घेतल्या. दरांमधले फरकच दीर्घकालीन संबंध ठरतात, या म्हणण्याला त्यांना आधार मिळाला. पण 1979 ते 1982 या काळात फेडरल रिझर्व्हने व्याजदर हे लक्ष्य सोडलं होतं, आणि तेव्हा त्यांची त्रुटी-सुधार प्रतिमानं अस्थिर झाली. धोरणाची चौकट बदलते तो महिना नमुन्याच्या मध्यावर असेल, तर संपूर्ण नमुन्यावरून काढलेली एकच संख्या दोन वेगळ्या काळांची सरमिसळ असू शकते.

म्हणून निबंध लिहिणाऱ्यांकडे आणि तपासणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. संबंधांच्या संख्येशेजारी आयगेन मूल्यं, निरीक्षणं, लॅग, स्थिरांकाची जागा आणि दुरुस्त केलेली सांख्यिकी छापा. वाचकाला तिसरी ओळ स्वतः ताडून पाहता आली पाहिजे, कारण पतधोरण दीर्घ मुदतीपर्यंत पोहोचतं की नाही, हा निष्कर्ष त्या एका ओळीवर उभा असतो.