सॉरीही म्हणायचंय आणि लागलंय हेही सांगायचंय: एका मेसेजचे तीन ड्राफ्ट

आज फक्त एका मेसेजबद्दल बोलणार आहे. चूक थोडी आपलीही असते, पण समोरच्याने जे केलं ते आपल्याला खूप लागलेलं असतं. अशा वेळी लिहायचं काय? नुसतं सॉरी म्हटलं तर आपलं दुखणं पोटातच राहतं. नुसतं दुखणं लिहिलं तर समोरचा म्हणतो, "आणि तू काय केलंस ते?"

उदाहरण माझ्या दोन मैत्रिणींचं आहे. दोघींना विचारूनच सांगतोय, नावं मात्र घेत नाही. एक बदलापूरची, एक उल्हासनगरची, अकरावीपासूनची मैत्री. उल्हासनगरवालीचा साखरपुडा दोन आठवड्यांवर आलेला. रविवारी सकाळी अकराला उल्हासनगर स्टेशनला भेटायचं आणि कॅम्प दोनच्या गजानन मार्केटमध्ये कपडे घ्यायचे असं ठरलं. बदलापूरहून यायला मध्ये एकच स्टेशन, अंबरनाथ. तरी बदलापूरवाली पोचली बारा वाजून दहा मिनिटांनी. मेगाब्लॉकमुळे गाड्या रखडल्या होत्या हे खरं. ती घरातूनच पंचवीस मिनिटं उशिरा निघाली हेही खरं. आणि या सगळ्या वेळात तिने एकही मेसेज केला नाही.

उल्हासनगरवाली स्टेशनबाहेर उभी राहून वैतागली आणि तिने कॉलेजच्या ग्रुपवर लिहिलं, "मॅडमची वाट बघतेय अजून. नोकरी गेल्यावर तरी हिच्याकडे वेळ असेल असं वाटलं होतं." ग्रुपमध्ये चौदा जण. नोकरी गेल्याचं बदलापूरवालीने फक्त हिलाच सांगितलं होतं. तिच्या घरीसुद्धा अजून माहीत नव्हतं, आणि ग्रुपमध्ये तिची एक मावसबहीण होती.

त्या दिवशी खरेदी झाली, पण दोघी धड बोलल्या नाहीत. सोमवारी संध्याकाळी बदलापूरवालीने मला तिचा ड्राफ्ट पाठवला.

ड्राफ्ट एक: "काल उशीर झाला त्याबद्दल सॉरी, मेगाब्लॉक होता, कळवायचं राहून गेलं. पण तू जे केलंस ते फार चुकीचं होतं. तू नेहमीच असं करतेस."

वरवर यात दोन्ही गोष्टी आहेत, चूक कबूल केली आणि दुखणंही सांगितलं. तरी हा मेसेज गेला असता तर भांडण वाढलं असतं. का, ते बघू.

"उशीर झाला", "राहून गेलं". आपल्या मराठीत ही मोठी सोय आहे, काम होतं पण करणारा दिसत नाही. उशीर आपोआप झाला, कळवणं आपोआप राहिलं, जणू पाऊस पडला. समोरच्याला हे लगेच जाणवतं. "मी उशिरा निघाले" आणि "मी कळवलं नाही" या वाक्यांमध्ये माणूस आहे. माफीची वाक्यं लिहून झाली की त्यात "मी" शोधा. नसेल तर ती माफी नाही, ती बातमी आहे.

मग येतो "पण". सॉरीनंतर "पण" आला की वाचणारा आधीचं सगळं विसरतो. त्याला वाटतं, अच्छा, सॉरी ही प्रस्तावना होती, खरा मुद्दा आत्ता आला. म्हणून माफी पूर्णविरामावर संपवायची आणि दुखणं नव्या परिच्छेदात सुरू करायचं. आम्ही कोडिंगवाले एका तिकिटात दोन बग टाकत नाही, कारण एक बंद केला की दुसराही बंद झाला असं समजलं जातं. इथेही तसंच आहे. उशीर हा एक विषय, ग्रुपवरचा मेसेज हा दुसरा. एकाने दुसरा कापला जात नाही.

आणि शेवटचं "नेहमीच". हा शब्द आला की समोरची व्यक्ती त्या रविवारबद्दल बोलतच नाही. ती अशा चार प्रसंगांची यादी काढते जेव्हा तिने तसं केलं नव्हतं.

हे ऐकल्यावर ती चिडली आणि पार दुसऱ्या टोकाला गेली.

ड्राफ्ट दोन: "सगळी माझीच चूक आहे. मी तुझा दिवस खराब केला. ग्रुपवरचं जाऊ दे, एवढं काही नाही. सॉरी सॉरी सॉरी."

मला पहिल्यापेक्षा हा जास्त धोक्याचा वाटला, कारण तो खोटा होता. "एवढं काही नाही" असं लिहिणारी मुलगी रात्री दोनपर्यंत जागी होती, मावसबहिणीने मावशीला सांगितलं तर काय या विचाराने. असा मेसेज गेला की समोरची "चल सोड, झालं ते झालं" म्हणते आणि विषय संपतो. मग सहा महिन्यांनी भलत्याच गोष्टीवरून तो बाहेर येतो, आणि तेव्हा समोरची खरंच गोंधळते, कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिने मला विचारलं, "मग चूक किती टक्के माझी म्हणायची? तीस? पन्नास?" टक्क्यांत पडूच नका. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांचं 1979 चं एक संशोधन प्रसिद्ध आहे. त्यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं की घरातल्या अमुक गोष्टीत तुमचा वाटा किती. दोघांचे आकडे जोडले तर बेरीज बहुतेक वेळा शंभराच्या वर गेली. यात भांडणं सुरू करण्यासारख्या नकोशा गोष्टीही होत्या. कारण साधं आहे, आपण केलेलं आपल्याला जास्त आठवतं. म्हणजे टक्के काढायला बसलात तर दोघांचा हिशेब कधीच जुळणार नाही. टक्क्यांऐवजी कृती लिहा. "मी उशिरा निघाले, कळवलं नाही" यावर वाद घालायला जागाच उरत नाही.

आता दुखणं लिहायचं कसं? त्यात तीन गोष्टी हव्यात: तिने नेमकं काय केलं, त्याने मला काय झालं, आणि आता मला काय हवंय. "तू मुद्दाम माझा अपमान केलास" हे लिहू नका. "मुद्दाम" हा तिच्या मनातला भाग आहे, तो तुम्हाला माहीत नाही आणि ती लगेच नाकारेल. "ते वाचून मला लाज वाटली" हे कोणी नाकारू शकत नाही, कारण ते तुमच्या आतलं आहे.

मागणीही अशी हवी की समोरची व्यक्ती ती खरंच करू शकेल. "मला समजून घे" ही मागणी नाही. "तो मेसेज डिलीट कर" ही मागणी आहे. आणि इथे वेळेचा प्रश्न होता. व्हॉट्सॲपवर स्वतःचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. रविवारचा मेसेज, म्हणजे सोमवारी रात्री सांगणं भाग होतं.

एक प्रश्न उरला. माफी आज आणि दुखणं उद्या, असे दोन मेसेज करावेत का? नको. आज सॉरी गेलं, समोरून "अगं ठीक आहे" आलं, आणि उद्या तक्रार गेली, तर कालचं सॉरी तिला सापळा वाटतं. दोन्ही एकाच मेसेजमध्ये हवं, आणि तसं पहिल्याच ओळीत सांगायचं. नोटिफिकेशनमध्ये फक्त सुरुवात दिसते, आणि लोक तेवढ्यावरच मूड ठरवतात.

ड्राफ्ट तीन, जो गेला:

"दोन गोष्टी लिहितेय. एक माझी चूक, एक मला लागलेली.

काल अकराला भेटायचं होतं आणि मी बारा दहाला आले. गाड्या लेट होत्या, तरी घरातून मी उशिरा निघाले आणि तुला एकही मेसेज केला नाही. तू तासभर एकटी उभी राहिलीस. सॉरी.

तू ग्रुपवर माझी नोकरी गेल्याचं लिहिलंस. ते मी फक्त तुला सांगितलं होतं. चौदा जणांसमोर ते वाचून मला लाज वाटली, आणि आता तुला काही सांगायची भीती वाटतेय. तो मेसेज आज डिलीट कर. आणि पुढे माझं काही कुणाला सांगायचं असेल तर आधी मला विचार.

वेळ मिळाला की फोन कर."

बघा, "पण" नाही, "नेहमी" नाही, "मुद्दाम" नाही. गाड्यांचा उल्लेख आहे, पण वाक्याचा भार "मी"वर आहे. "तुला वाईट वाटलं असेल तर" हेसुद्धा नाही, कारण तासभर उभं राहून वाईट वाटतंच, त्यात "असेल तर" कशाला?

उत्तर गोड आलं नाही. आलं ते असं: "तू वेळेवर आली असतीस तर मी लिहिलंच नसतं."

इथे बहुतेक जण घसरतात. एक तर माफी परत घेतात, "मग जा, माझं काही चुकलं नाही". किंवा दुखणं परत घेतात, "हो गं, माझ्यामुळेच झालं". तिने दोन्ही केलं नाही. तिने लिहिलं, "उशिराबद्दल मी सॉरी म्हटलंय आणि ते तसंच आहे. उशिराबद्दल ग्रुपवर हवं तेवढं बोलली असतीस तरी चाललं असतं. नोकरीचं लिहिणं ही वेगळी गोष्ट आहे." एवढंच, आणि फोन बाजूला ठेवला.

पावणेअकराला मेसेज डिलीट झाला. मंगळवारी फोन आला. उल्हासनगरवाली म्हणाली की घरी माहीत नाही हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. साखरपुड्याला बदलापूरवाली वेळेवर होती. पण नव्या नोकरीच्या इंटरव्ह्यूचं तिने अजून तिला सांगितलेलं नाही. मेसेजने विश्वास लगेच भरून येत नाही, तो फक्त बोलणं चालू ठेवतो.

शेवटी, हे कुठे वापरू नये तेही सांगतो. तुमची चूक नसेल तर बॅलन्ससाठी शोधून काढू नका. समोरचा माणूस धमकावणारा, मारणारा किंवा सतत तुम्हालाच दोषी ठरवणारा असेल, तर तुमची कबुली त्याच्या हातातलं हत्यार होईल. आणि मामला डिपॉझिटचा, पैशांचा किंवा ऑफिसमधल्या तक्रारीचा असेल, तर लेखी कबुलीचा स्क्रीनशॉट निघतो, तिथे आधी जाणकाराला विचारा. ही पद्धत ज्याच्याशी नातं ठेवायचंय त्याच्यासाठी आहे.

कुणाला पाठवायचा मेसेज अडकला असेल तर आधी स्वतःच्याच चॅटवर लिहा. तिथे "झालं" आणि "राहून गेलं" शोधा आणि त्या जागी "मी केलं", "मी केलं नाही" लिहा. मग "जाऊ दे" शोधा आणि खोडा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.