तीन भांडणे, तीन पुरावे
(सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



अनंत चतुर्दशीला मूर्तीचे विसर्जन होते आणि पुढच्या आठवड्यात मंडळाची बैठक बसते. दहा दिवस खांद्याला खांदा लावून राबलेली माणसे त्या बैठकीत एकमेकांकडे पाहीनाशी होतात. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. अशा एका भांडणात मध्यस्थ म्हणून मला बसावे लागले होते. मंडळाचे नाव सांगत नाही, ते येथे महत्त्वाचे नाही.

मंडळ जुने, मध्यमवर्गीय वस्तीतले. कार्यकारिणीने रोषणाईसाठी चाळीस हजार रुपये मंजूर केले होते. सजावटप्रमुख तरुण व उत्साही. त्याने पासष्ट हजारांची रोषणाई केली. खजिनदारांनी मंजूर चाळीस हजारांचा धनादेश दिला आणि उरलेली रक्कम देण्यास नकार दिला. त्यातच मांडवाच्या कमानीवर जो फलक लागला, त्यावर अध्यक्षांचे आणि एका देणगीदाराचे छायाचित्र होते. रात्र रात्र जागून मांडव उभारणाऱ्या मुलांचे नावही नव्हते. हिशेब लागेना. स्थळप्रतींवरून वर्गणी 3,46,500 रुपये निघत होती, खजिनदारांच्या वहीत जमा होते 3,18,000. अठ्ठावीस हजार पाचशेंची तफावत! "पैसे खाल्ले" असे कोणीतरी बोलले, आणि "पुढच्या वर्षी याच गल्लीत आमचे वेगळे मंडळ" असे तरुणांनी उत्तर दिले.

सर्वजण एकाच भांडणाबद्दल बोलत होते, पण भांडणे तीन होती. पैसा गेला कोठे, हे पहिले. खर्चाचा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, हे दुसरे. आणि कामाचे श्रेय कोणाला मिळाले, हे तिसरे. तिघांचे पुरावे निराळे असतात. पैशाचा पुरावा पावतीपुस्तकात, अधिकाराचा इतिवृत्तात, आणि श्रेयाचा पुरावा कोणत्याच कागदावर नसतो. म्हणून आम्ही तीन स्वतंत्र बैठका घेतल्या, आणि पैशाची सर्वांत आधी. संशय जिवंत असताना अधिकाराची चर्चा होऊ शकत नाही, आणि मन दुखावलेले असले तरी आकडे मोजता येतात.

पहिल्या बैठकीत दोन्ही बाजूंचा एकेक माणूस घेऊन पावतीपुस्तके मोजली. पन्नास पावत्यांची बारा पुस्तके छापली होती. अकरांच्या स्थळप्रती जमेशी जुळल्या. नवव्या क्रमांकाचे पुस्तक सजावटप्रमुखाकडे होते. त्यातल्या एकतीस पावत्या फाटल्या होत्या आणि त्यांची बेरीज नेमकी 28,500 होती. ही रोख त्याने खजिनदारांकडे भरलीच नव्हती. त्यातून रोषणाईवाल्याचे उरलेले पंचवीस हजार परस्पर चुकते केले होते, आणि साडेतीन हजार टेम्पो व सुतारांच्या जेवणावर खर्च केले होते. रोषणाईवाल्याची पावती मिळाली, इतर खर्चाची 2,150 रुपयांची बिले मिळाली. 1,350 रुपयांचे बिल नव्हते. त्याची हातपावती करून त्यावर प्रत्यक्ष हजर असलेल्या दोघांच्या सह्या घेतल्या. संपूर्ण 28,500 रुपये वहीत आधी जमेला धरले आणि मग खर्ची टाकले.

अफरातफर झाली नव्हती. तरीही चूक झाली होती, आणि ती स्पष्टपणे सांगणे आवश्यक होते. वर्गणीची रोख परस्पर खर्च केली की प्रामाणिक माणूसही चोरासारखा दिसू लागतो. म्हणून नियम ठरला : आधी जमा, मग खर्च. पुस्तक क्रमांकाची नोंद करून द्यायचे, आठवड्याला रोख भरायची, कोरे राहिलेले पुस्तकही परत घ्यायचे. आज वर्गणी मोबाइलवरूनही येते. ती मंडळाच्याच खात्यात यावी, कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्यात कधीही नाही.

दुसरी बैठक अधिकाराची. येथे पुण्याची एक आठवण उपयोगी पडली. लोकमान्यांनी उत्सवाला सार्वजनिक रूप दिल्यानंतर विसर्जन मिरवणुकीत पुढे कोणी राहावे, असा प्रश्न निघाला. लोकमान्यांनी कसबा गणपतीला ग्रामदैवत म्हणून पहिला आणि तांबडी जोगेश्वरीच्या गणपतीला दुसरा मान दिला, असे सांगितले जाते. मानाचा तो क्रम आजही पाळला जातो. त्या वर्षी कोणाचा जोर अधिक, यावर तो निर्णय आधारलेला नव्हता. सर्वांना मान्य असलेल्या कारणावर होता, म्हणून तो व्यक्ती गेल्यावरही टिकला. आमच्या मंडळातही, सजावटप्रमुखावर विश्वास आहे की नाही, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला. कोणत्याही प्रमुखाला किती अधिकार असावा, एवढेच ठरविले. मंजूर रकमेच्या आत तो स्वतः निर्णय घेईल, त्यात कोणी ढवळाढवळ करणार नाही. दोन हजारांपर्यंतची वाढ कार्याध्यक्ष व खजिनदार मिळून मंजूर करतील. त्यापुढे कार्यकारिणीची बैठक. झालेल्या जादा पंचवीस हजारांना कार्योत्तर मंजुरी दिली, पण ठरावात दोन्ही गोष्टी लिहिल्या : खर्च खरा आहे, आणि तो न विचारता झाला. पहिले वाक्य तरुणांना हवे होते, दुसरे खजिनदारांना. एकच लिहिले असते तर ठराव टिकला नसता.

श्रेयाची बैठक सर्वांत अवघड गेली. तिथे मोजायला काहीच नव्हते. अध्यक्षांनी पहिल्यांदा विचारले, "फलकाने काय बिघडले?" एका मुलाने उत्तर दिले, "काका, माझी आई मांडवात आली होती. मी इथे काय करतो, ते तिला कुठेच दिसले नाही." त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. पुढच्या वर्षापासून फलकावर केवळ मंडळाचे नाव, व्यक्तीचे छायाचित्र नाही, असे ठरले. वार्षिक सभेत कामांनुसार सर्वांची नावे वाचायची : मांडव, वर्गणी, आरती, प्रसाद, आणि मूर्तीपाशी रात्रीचा पहारा. देणगीदारांचे नाव जमाखर्चात, आणि जमाखर्च मांडवातच लावायचा.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. रोख खरोखर गेली असती, तर माझ्यासारख्या मध्यस्थाचे ते काम नव्हते. आपले मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल, तर विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात परिवर्तन अहवाल द्यावा लागतो. दोन गटांनी परस्परविरोधी अहवाल दिले की वाद लांबतो आणि बँकेत सह्या कोणाच्या, हाच प्रश्न उभा राहतो. नोंदणी नसलेल्या मंडळांनाही वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. म्हणजे वही नीट ठेवणे हे केवळ आपसातल्या विश्वासासाठी नाही, ते कायद्याचेही बंधन आहे.

ते मंडळ फुटले नाही. खजिनदारांनी मात्र पुढच्या वर्षी पद घेतले नाही. "चोर" हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता, पण त्यांच्या समोर तो उच्चारला गेला तेव्हा ते गप्प राहिले होते, याचे त्यांना वाईट वाटत होते. त्यांनी नव्या खजिनदाराला वही सोपविली आणि पहिल्या पानावर पुस्तकांचे क्रमांक स्वतःच्या हाताने लिहून दिले. नवा खजिनदार म्हणजे तोच सजावटप्रमुख.

यंदा आपापल्या मंडळात पहिली बैठक होईल, तेव्हा पावतीपुस्तकांची नोंद, खर्चाच्या मर्यादा आणि फलकाचा मजकूर, हे तीन विषय मूर्तीच्या उंचीच्या आधी घ्या, एवढीच विनंती करून थांबतो.